पडदा पातळ आहे, म्हणून लेसर?

एकतीस वर्षांची एक तरुणी चष्मा घालवायच्या शस्त्रक्रियेसाठी तपासणीला जाते. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे 11. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर आतला पडदा पाहतात आणि म्हणतात, "उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला पडदा पातळ झालाय, त्यात दोन बारीक भोकं आहेत. आधी बॅरेज लेसर करून घेऊ." तिला कसलाही त्रास नाही. विजा चमकत नाहीत, काळे ठिपके वाढलेले नाहीत, घरात कोणाचा पडदा सुटलेला नाही. ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाते तेव्हा उत्तर मिळतं, "काही करू नका, वर्षाने दाखवा." ही तरुणी कल्पित आहे, पण हा पेच अनेक जाड चष्मेवाल्यांच्या ओळखीचा असेल. यात कोणी तरी लबाड किंवा अडाणी असलंच पाहिजे, असं मानायचं कारण नाही. या प्रश्नावर जाणकारांतच दोन मतं आहेत.

आधी डोळ्यात घडतं काय ते पाहू. सर्वसाधारण डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. उणे 11 नंबरचा डोळा 28 च्या आसपास असू शकतो. डोळ्याचं कवच लांबतं, पण आतल्या पडद्यात त्या प्रमाणात नव्या पेशी तयार होत नाहीत. आहे तोच पडदा जास्त जागेवर ताणला जातो. कडेला त्याचे लांबट पातळ पट्टे दिसतात, त्यांना 'लॅटिस' म्हणतात. शंभरातल्या सहा ते दहा माणसांत ते असतात आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र ज्यांचा पडदा सुटतो त्यांच्यापैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या डोळ्यांत लॅटिस सापडतं. वादाचं मूळ या दोन आकड्यांत आहे. दुसरा आकडा पाहणाऱ्याला लेसर मारावंसं वाटतं, पहिला पाहणाऱ्याला थांबावंसं.

लेसर पातळ पडदा जाड करत नाही. भोकाभोवती दोनतीन ओळींत डाग देतात; ते भरून येताना पडदा मागच्या थराला चिकटतो, कापडाच्या चिरेभोवती टाके घालावेत तसा. पकड पक्की व्हायला दोन आठवडे लागतात. पातळ पट्ट्याच्या कडेला डोळ्यातली जेली पडद्याला घट्ट धरून असते. पन्नाशी-साठीत ही जेली आपोआप आक्रसून मागून सुटते. जास्त नंबरवाल्यांत हे बरंच आधी होतं. सुटताना कधी ती कडेचा पडदा ओढते आणि नालेच्या आकाराची फाट पडते. अशी फाट विजा चमकून, ठिपके दिसून आली, तर वाद उरत नाही. तिला लगेच लेसर हवं, कारण न केल्यास जवळपास निम्मे पडदे सुटतात. आपल्या तरुणीची भोकं मात्र गोल आहेत, ओढ नसलेली, झिजून पडलेली. वाद आहे तो अशा भोकांचा.

इथे 1989 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास आजही पुढे येतात. नॉर्मन बायर यांनी लॅटिस असलेले 423 डोळे लेसर न करता सरासरी अकरा वर्षं पाहिले. त्यांतल्या तीनच डोळ्यांचा पडदा खऱ्या अर्थाने सुटला. काहींत भोकांभोवती थोडं पाणी साचलं, पण बहुतेक ठिकाणी ते तिथेच थांबलं. मात्र हे सगळे डोळे काही उणे 11 चे नव्हते.

जेम्स फोक आणि सहकाऱ्यांनी वेगळी माणसं घेतली: एका डोळ्याचा पडदा आधीच सुटलेला, दुसऱ्यात लॅटिस. सात वर्षांत लेसर न केलेल्या दुसऱ्या डोळ्यांपैकी 5.1 टक्के सुटले, पूर्ण लेसर केलेल्यांत 1.8 टक्के. फरक खरा आहे, पण त्याचा हिशेब असा होतो की एक डोळा वाचवायला तीसेक डोळ्यांना लेसर द्यावं लागतं, आणि तेही एक डोळा आधीच बिघडलेल्या माणसांत. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. नंबर उणे 6 च्या पुढे आणि लॅटिस अर्ध्या घेराहून जास्त पसरलेलं, अशा डोळ्यांत लेसरचा फायदा दिसलाच नाही. ज्यांना सर्वांत जास्त भीती, त्यांनाच कमी उपयोग. कारण समजायला अवघड नाही: पुष्कळ फाटी लॅटिसबाहेरच्या, वरवर धडधाकट दिसणाऱ्या पडद्यात पडतात. त्या कुठे पडतील हे आधी कळत नाही आणि कळत नाही तिथे टाके घालता येत नाहीत.

हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता. कोणाला लेसर द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवलं होतं. चिठ्ठ्या टाकून केलेली पक्की चाचणी या प्रश्नावर झालेली नाही, हे कॉक्रेन आढाव्यातही नोंदलं आहे. लेसर निरुपद्रवी आहे असंही नाही. कधी डागांच्या कडेलाच नवी फाट पडते, कधी मध्यभागावर सुरकुतणारा पातळ पापुद्रा येतो. हे क्वचित होतं, पण तीस जणांना दिलेल्या लेसरचे हे धोके तीसही जणांच्या वाट्याला येतात.

तरीही थांबा म्हणणाऱ्यांची एक गृहीत धरलेली गोष्ट तपासली पाहिजे. 'वर्षाने दाखवा' हा सल्ला माणूस खरोखर परत येतो असं मानून दिलेला असतो. पुण्या-मुंबईत पडद्याचे डॉक्टर जवळ असतात. गडचिरोलीच्या आतल्या गावातला माणूस, एकच डोळा उरलेला, किंवा महिनोन्महिने जहाजावर असणारा, यांना भोकांभोवती लेसर देण्यात आम्हाला गैर वाटत नाही. बाकीच्यांसाठी, म्हणजे आपल्या तरुणीसाठी, आमचा कौल थांबण्याकडे आहे. शस्त्रक्रिया करायची असली तरी तीच गोष्ट: भिंग घातल्याने चष्मा जातो, डोळ्याची लांबी 28 मिलिमीटरच राहते. पडद्याचा धोका चष्म्याबरोबर जात नाही, आणि हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगितलं जात नाही तिथे खरी तक्रार करावी.

या सगळ्या चर्चेत कडेवर इतकं लक्ष जातं की मध्यभाग मागे पडतो. दशकानुदशकं ताणल्यावर पडद्याच्या मध्यबिंदूखालचा रक्तवाहिन्यांचा थर विरतो, खाली चिरा पडतात, कधी तिथून नव्या नाजूक वाहिन्या फुटून रक्त झिरपतं. सरळ रेषा वाकडी दिसते, वाचताना मधलं अक्षर पुसल्यासारखं वाटतं. कडेच्या लेसरचा याच्याशी काहीही संबंध नाही. लेसर घेऊन 'आता काळजी मिटली' असं समजणारा माणूस नेमका इथे चुकतो. नव्या वाहिन्यांवर डोळ्यात देण्याची इंजेक्शनं आहेत आणि ती लवकर दिली तर दृष्टी बऱ्यापैकी टिकते. हळूहळू विरत जाणाऱ्या थरावर मात्र आज उपाय नाही.

म्हणून उणे 6 च्या पुढे नंबर असलेल्यांनी डॉक्टरांकडून डोळ्याची लांबी आणि पडद्याचं चित्र कागदावर मागून घ्यावं, दरवर्षी थेंब घालून पडदा दाखवावा, आणि आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून चौकोनी वहीच्या रेषा पाहाव्यात. रेष वाकली, अचानक विजा चमकल्या, ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा कडेने काळा पडदा सरकू लागला, तर पुढची तारीख घेऊ नका. त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा.