निरोपाचा ईमेल

नोकरी सोडणाऱ्याचा ऑफिसातील मेलबॉक्स बहुधा शेवटच्या दिवशीच बंद होतो. म्हणून निरोपाचा ईमेल संध्याकाळी उशिरा पाठवला, तर आलेली उत्तरे वाचायलाच मिळत नाहीत. तो त्या दिवशी सकाळी, नाहीतर आदल्या दिवशी दुपारी पाठवलेला बरा.

आमच्या परिचयातील एक भगिनी 14 वर्षे एका विमा कंपनीच्या दावे विभागात होत्या. शेवटची 6 वर्षे त्या टीम लीड होत्या. त्यांचा पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात बाकी राहिलेली कामे होती, नव्या कंपनीचे नाव होते, चार सहकाऱ्यांचे नाव घेऊन आभार होते आणि शेवटी "माझे काही चुकले असल्यास सर्वांनी माफ करावे" असे वाक्य होते.

आम्ही एकेक गोष्ट तपासली. बाकी कामांचा तपशील हा निरोपाचा भाग नव्हे. कोणती फाइल कोणाकडे, हे सांगणारा वेगळा ईमेल आधीच जायला हवा. नव्या कंपनीचे नाव गाळले, कारण ते वाचून सहकाऱ्यांना तिकडे बोलावणे आहे असा अर्थ निघू शकतो आणि काही करारांत त्याला मनाई असते. टीममध्ये नऊ जण असताना चौघांचीच नावे घेतली, तर उरलेले पाच जण आपले नाव शोधत राहतात. म्हणून नावांऐवजी सर्वांनी मिळून केलेले काम लिहिले.

माफीचे वाक्य मात्र अवघड होते. आपल्याकडे निरोप घेताना 'कहा-सुना माफ' म्हणण्याची रीत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण बाईंच्या मनात एकच प्रसंग होता. बैठकीत सर्वांसमोर त्यांनी एका नव्या मुलाला फार कठोर शब्द वापरले होते. शंभर जणांना गेलेली माफी त्या एकाला पोहोचत नाही, आणि बाकीचे उगाच तर्क करतात. त्यांनी ते वाक्य काढले आणि त्या मुलाच्या टेबलापाशी जाऊन माफी मागितली.

उरलेला ईमेल असा होता:

"सहकाऱ्यांनो, शुक्रवार हा माझा येथील शेवटचा दिवस. 14 वर्षांतले मला सर्वांत आठवेल ते पुराच्या वेळचे काम. फायली भिजल्या होत्या, तरी आपण एकही दावेदार परत पाठवला नाही. त्या आठवड्यात मी तुमच्याकडून जे शिकले, ते सोबत नेत आहे. कामाची जबाबदारी कोणाकडे आहे, हे सोमवारच्या ईमेलमध्ये कळवले आहे. आपली आभारी आहे."

वैयक्तिक मोबाइल क्रमांक त्यांनी फक्त टीमला वेगळा कळवला. सर्वांचे पत्ते 'बीसीसी'च्या रकान्यात टाकले, म्हणजे एकाचे "शुभेच्छा" शंभर जणांच्या मेलबॉक्समध्ये जात नाही. ज्यांच्याशी खरा जिव्हाळा होता, त्या तिघांना त्यांनी स्वतंत्र पत्रे लिहिली. मनातले बाकी सारे त्या पत्रांत मोकळेपणाने मांडता आले.