भाचीचा तीळ कुठे गेला?

जूनमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला शाळेचं नवं ओळखपत्र मिळालं. घरी येऊन तिने ते माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "मामू, माझा तीळ कुठे गेला?" तिच्या डाव्या गालावर मसुरीच्या डाळीएवढा तीळ आहे. ओळखपत्रावर तो नव्हता. चेहराही दोन-तीन छटा गोरा झाला होता. आपाने पाहिलं आणि म्हणाली, "छान तर आलाय!" भाची काहीच बोलली नाही.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे हे कसं झालं ते शोधायची खुमखुमी आली. शाळेच्या फोटोग्राफरला भेटलो. त्याने मोकळेपणाने मूळ फोटो दाखवला आणि म्हणाला, "साहेब, आठशे मुलांचे फोटो एकेक करून कोण बघणार? सगळे एकदम सॉफ्टवेअरला लावतो. आणि पालकच मागतात. मागच्या वर्षी आहे तसे दिले, तर एक जण परत घेऊन आले, माझी मुलगी इतकी काळी आहे का म्हणून."

हे सॉफ्टवेअर आधी फोटोतला चेहरा शोधतं, डोळे, नाक आणि जबडा कुठे आहेत त्याच्या खुणा ठरवतं. मग त्वचेचा भाग वेगळा काढून त्यातले बारीक तपशील पुसट करतं आणि तेवढाच भाग उजळवतं. काही सॉफ्टवेअरमध्ये डोळे मोठे आणि जबडा निमुळता करायची सोयही असते. 'डाग काढा' या पर्यायाचा अर्थ त्याच्या लेखी एवढाच: आजूबाजूपेक्षा गडद असलेला लहान ठिपका दिसला की तो शेजारच्या त्वचेने भरून टाका. मुरूम चार दिवसांत जाईल आणि तीळ जन्मभर राहील, हा फरक त्याला कळत नाही. भाचीचा तीळ कोणी ठरवून काढला नव्हता. तो यंत्राच्या नियमात बसला, म्हणून गेला.

फोटोग्राफरची बाजूही समजून घ्यायला हवी. पांढऱ्या पडद्यासमोर सावळं मूल उभं केलं की फोटोत ते प्रत्यक्षापेक्षा काळं दिसू शकतं. कॅमेऱ्याचं मोजमाप पांढऱ्या पडद्याला फसतं, उजेड खूप आहे असं समजतं आणि सगळाच फोटो अंधारा घेतं. हा दोष खरा आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे फोटो काढतानाच एक्स्पोजर थोडं वाढवणं, चेहऱ्यावर पुरेसा उजेड घेणं, नाहीतर नंतर संपूर्ण फोटो एकसारखा उजळवणं. त्यासाठी फक्त चेहरा गोरा करायची गरज पडत नाही.

उजेड सुधारला की चेहरा बदलला, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. संगणक प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत साठवतो. प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला असतो आणि आकडे जितके मोठे, तितका रंग उजळ. मूळ फोटोत भाचीच्या गालाचे आकडे 142, 101, 78 होते. ओळखपत्रावरच्या फोटोत 198, 160, 139. तिच्या मरून पिनोच्या एकाच जागचे आकडे मात्र दोन्हीकडे सारखेच, 96, 24, 32. उजेड वाढवला असता तर पिनोचा रंगही उजळला असता. म्हणजे उजेड तसाच राहिला, मुलगी तेवढी बदलली. आकडे काढायचीही गरज नाही. चेहऱ्याचा रंग कानाशी आणि मानेशी ताडून पाहा. चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसली, की काय झालंय ते कळतं.

"एवढ्याशा तिळाने काय बिघडतं?" असं आपाने विचारलं. ओळखपत्र ओळखण्यासाठी असतं. मूल हरवलं तर पोलीस अलीकडचा फोटो मागतात आणि अंगावरच्या खुणा विचारतात. त्या वेळी घरात सर्वांत अलीकडचा फोटो बहुधा शाळेचाच असतो. तो पाहून शोधणारा माणूस तीळ नसलेली गोरी मुलगी शोधेल. पासपोर्टसाठी चेहऱ्यात फेरफार केलेला फोटो चालत नाही. मग शाळेच्या ओळखपत्रावर तो का चालावा?

दुसरं नुकसान मुलाच्या मनाचं आहे. "जरा उजळ करून द्या" हे वाक्य आपल्या घरांत रिश्त्याच्या फोटोसाठी वर्षानुवर्षं म्हटलं जातं. आता ते नऊ वर्षांच्या मुलीला, तिला न विचारता, तिच्याच शाळेने ऐकवलं. तुझा चेहरा दुरुस्तीला आला आहे आणि ती दुरुस्ती मोठी माणसं परस्पर करू शकतात, हे दोन्ही धडे ती एकदम शिकली.

यातला दुसरा धडा वर्गातली मुलंही शिकतात. स्पेनमधल्या अल्मेंद्रालेजो या गावात 2023 मध्ये शाळकरी मुलांनी वीसहून अधिक मुलींच्या साध्या, कपड्यांतल्या फोटोंवरून ॲप वापरून नग्न चित्रं बनवली आणि एकमेकांना पाठवली. 2024 मध्ये तिथल्या बाल न्यायालयाने 15 मुलांना एक वर्ष देखरेखीखाली ठेवलं. भारतातही असं चित्र हा गंमतीचा विषय नाही. 2019 च्या दुरुस्तीपासून पोक्सो कायद्यातल्या व्याख्येत खऱ्या मुलासारखी हुबेहूब दिसणारी, संगणकाने बनवलेली अश्लील चित्रंही येतात. गोरेपणाचा फिल्टर आणि हा गुन्हा एका तागडीत तोलता येणार नाहीत. पण 'दुसऱ्याचा चेहरा त्याला न विचारता बदलू नये' ही सवय शाळेनेच मोडली, तर ती मुलांना कुठल्या तोंडाने सांगणार?

कायद्यावर विसंबून भागणार नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. इथे तर गोरेपणाची मागणी पालकांचीच आहे. म्हणून मर्यादा आपल्यावरही हवी.

शाळेने फोटोग्राफरला काम देतानाच लेखी अट घालावी: संपूर्ण फोटोचा उजेड आणि रंग सुधारा, चौकट कापा, पण चेहऱ्याला हात लावू नका. ओळखपत्रासाठी या अटीला अपवाद नको. वर्गाच्या आठवणीच्या फोटोत मुरूम किंवा लागलेल्याची खपली काढायला हरकत नाही, तीही मुलाने स्वतः मागितली तर. तीळ, कोड, भाजल्याचा व्रण, ओठाच्या शस्त्रक्रियेची खूण पालकांनी मागितलं तरी पुसू नये. ज्या मुलाला त्या खुणेवरून चिडवलं जातं, त्याच्यासाठी शिक्षकांनी चिडवणाऱ्यांशी बोलावं. फोटोतून खूण काढली तरी उद्या वर्गात ते मूल त्याच चेहऱ्याने बसणार आहे. आणि मुलांचे फोटो 'कार्टून बनवा', 'मोठेपणी कसे दिसाल' अशा ऑनलाइन ॲपवर शिक्षकांनी चढवू नयेत. तिथे मूळ फोटो बहुतेक वेळा परक्या सर्व्हरवर जातो आणि परत आणता येत नाही.

घरी आपण एवढं करू शकतो: फोनच्या कॅमेऱ्यातला ब्युटी मोड बंद करणं. अनेक फोनमध्ये तो आधीपासूनच चालू असतो. आणि मुलाचा फोटो बदलण्याआधी त्याला विचारणं. ते 'नको' म्हणालं, तर विषय संपला.

मुख्याध्यापिकांना मूळ फोटो दाखवला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. नवं ओळखपत्र आठ दिवसांत आलं. भाचीने आधी गालावर बोट ठेवलं, मग फोटोवर, आणि ते गळ्यात अडकवून शाळेला गेली. उरलेल्या मुलांची ओळखपत्रं मात्र अजून तशीच आहेत. पुढच्या पालकसभेत मी तोच विषय मांडणार आहे. तुमच्या शाळेत तो तुम्ही मांडा.