बरणीतले दही कोणते?

रात्री भिजवून सकाळी खायच्या ओट्सच्या पाककृती आता मराठी घरांत रुळल्या आहेत. काचेच्या बरणीत ओट्स, चिया, दही आणि चिरलेले फळ, आणि खाली ठळक अक्षरांत दावा: एका बरणीत वीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन. आपल्या घरच्या दह्याने केलेल्या बरणीत तेवढे प्रोटीन नसते. ज्यांनी वजनासाठी, मधुमेहासाठी किंवा व्यायामासाठी हा नाश्ता धरला आहे त्यांची या आकड्याने दिशाभूल होते.

हिशेब मांडून पाहू. कोरडे ओट्स ४० ग्रॅम, चिया एक मोठा चमचा म्हणजे १२ ग्रॅम, टोन्ड दुधाचे घरचे दही १५० ग्रॅम आणि सोललेले मध्यम केळे, साधारण १०० ग्रॅम. ओट्समधून ५ ग्रॅम प्रोटीन मिळते, चियातून २, दह्यातून ५ आणि केळ्यातून १. बेरीज १३. कर्बोदके ६० ग्रॅमच्या आसपास, स्निग्धांश १२ ग्रॅम, एकूण सुमारे ४०० कॅलरी. हा नाश्ता वाईट मुळीच नाही. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रोटीन पुरते, त्यातला चौथा हिस्सा इथेच मिळतो. पण दोन उकडलेल्या अंड्यांतूनही एवढेच मिळते आणि कॅलरी निम्म्याहून कमी लागतात. म्हणून या बरणीला ‘हाय प्रोटीन’ म्हणणे चूक आहे.

फरक पडतो तो दह्यात. मूळ पाककृतींत ग्रीक योगर्ट असते. ते पाणी निथळून घट्ट केलेले, म्हणून १०० ग्रॅममध्ये ९-१० ग्रॅम प्रोटीन. आपल्या दह्यात ३ ते साडेतीन. पाककृती मराठीत येताना ‘दही’ एवढेच लिहिले जाते आणि प्रोटीनचा आकडा मात्र तिकडचाच राहतो. म्हशीच्या दुधाच्या सायीच्या दह्याने प्रोटीन जेमतेम अर्ध्या-एक ग्रॅमने वाढते, पण स्निग्धांश जवळपास दुप्पट होतो.

उपाय आपल्याकडे जुनाच आहे: चक्का. श्रीखंडासाठी बांधतो तसे दही फडक्यात बांधून टांगावे. १५० ग्रॅम चक्क्याला साधारण ३५०-४०० ग्रॅम दही लागते. थोडे प्रोटीन निवळीबरोबर जाते, तरी ११ ग्रॅमच्या आसपास उरते. इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. निथळताना पाणी जाते, साय जात नाही. स्निग्धांशही चक्क्यातच गोळा होतो. टोन्ड दुधाच्या दह्याचा चक्का केला तर त्यात तो दहा-अकरा ग्रॅमपर्यंत जातो. म्हणून दही साय काढलेल्या, स्निग्धांश जवळजवळ नसलेल्या दुधाचे लावावे. मग बरणीत प्रोटीन १९ ग्रॅमपर्यंत पोचते आणि कॅलरी पहिल्याइतक्याच राहतात. निवळ कढीत किंवा कणीक भिजवायला घ्यावी. एवढा खटाटोप नको असेल तर साध्या दह्यात २० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर मिसळावी. प्रोटीन ७ ग्रॅमने वाढते, पण सोबत १० ग्रॅम दुधाची साखर आणि ७० कॅलरीही येतात. त्या मोजायला हव्यात.

चक्का वापरला की बरणीत पाणी कमी पडते. चिया स्वतःच्या वजनाच्या जवळपास दहापट पाणी ओढतो, तेव्हा वरून शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी घालावे. दूध घातले तर त्याचाही हिशेब धरावा. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावे, नाहीतर सकाळी तळाशी चियाचा गोळा आणि वर कोरडे ओट्स मिळतात. वजन मात्र कोरड्या ओट्सचेच करावे, भिजलेल्याचे नाही. भिजलेल्या ओट्सच्या वजनात बहुतांश पाणी असते आणि त्यावर कोरड्याचे आकडे लावले की सगळी बेरीज फुगते.

चियाच्या कर्बोदकांचे आकडे पाहून मधुमेही घाबरतात, तसे कारण नाही. चमचाभर चियात ५ ग्रॅम कर्बोदके दिसतात, पण त्यातले ४ ग्रॅम तंतुमय असतात आणि ते साखर वाढवत नाहीत. रक्तातली साखर पाहायची तर नजर केळ्यावर आणि वरून घातलेल्या मधावर ठेवावी. एक मोठा चमचा मध म्हणजे १७ ग्रॅम साखर. पिकलेल्या केळ्याऐवजी तेवढ्याच वजनाची पपई घेतली तर कर्बोदके निम्म्यावर येतात. फक्त कच्ची पपई, अननस किंवा किवी रात्री दह्यात घालू नये. त्यांतले विकर रात्रभर दुधाचे प्रोटीन तोडत राहतात आणि सकाळी बरणी कडवट लागते. पिकलेल्या पपईतही ते थोडे असतात. प्रोटीनचा आकडा त्याने कमी होत नाही, पण घास तोंडात जात नाही. ही फळे खायच्या वेळी वर चिरून घालावीत.