तरतूद वाढली, मग शेअर का पडला?

1 फेब्रुवारी 2025 चा दिवस शनिवारचा होता, पण अर्थसंकल्पासाठी शेअर बाजार मुद्दाम उघडा ठेवला होता. आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक त्या सकाळी ब्रोकरच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसले होते. भाषण सुरू होण्याआधीच त्यांनी रेल्वेची कामं घेणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. त्यांचा हिशोब सरळ होता. सरकार पायाभूत सुविधांवर विक्रमी खर्च जाहीर करणार, म्हणजे भाव वर जाणार. आकडा जाहीर झाला, 11.21 लाख कोटी रुपये, तोवरचा सर्वांत मोठा. आणि स्क्रीनवर त्यांचा शेअर लाल झाला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, पैसे तर वाढवलेत ना? मग हा का पडतोय?"

या प्रश्नामागे एक समजूत आहे, आणि ती फक्त सरांची नाही. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या संध्याकाळी टीव्हीवर हेच सांगितलं जातं की ज्या क्षेत्राला जास्त पैसे मिळाले ते क्षेत्र चढलं. मला हे मान्य नाही. त्या दिवशी भाव हलतो तो तरतुदीमुळे नव्हे, तर तरतूद आणि अपेक्षा यांतल्या फरकामुळे. शेअरच्या भावात अपेक्षा आधीच शिरलेली असते, त्यामुळे अपेक्षेइतकं मिळालं तर नव्याने भरण्यासारखं काही उरत नाही.

सरांच्या आकड्याकडे जवळून पाहू. आदल्या वर्षीच्या अर्थसंकल्पातला भांडवली खर्च 11.11 लाख कोटी होता. त्याच्याशी तुलना केली तर वाढ एक टक्काही भरत नाही. पण त्या वर्षी तेवढा पैसा खर्च झालाच नाही. सुधारित अंदाज 10.18 लाख कोटींवर आला, आणि त्याच्याशी ताडून पाहिलं तर नवी तरतूद दहा टक्क्यांनी जास्त निघते. आकडा एकच, पण कशाशी ताडता त्यावर अर्थ बदलतो. बाजाराने पहिली तुलना धरली आणि त्याला कारण होतं. 2022-23 साठी ही तरतूद सुमारे 35 टक्क्यांनी वाढवली होती, 2023-24 साठी 33 टक्क्यांनी, त्यानंतर 11 टक्क्यांनी. या चढत्या पायऱ्यांवर बांधकाम, वीज, रेल्वे, यंत्रसामग्री या कंपन्यांचे भाव काही वर्षं चढत गेले होते. ते भाव पुढच्या मोठ्या पायरीची वाट पाहत होते. रेल्वेची तरतूद तर जवळपास आदल्या वर्षीइतकीच, 2.52 लाख कोटी ठेवली होती. शिवाय त्या 11.21 लाख कोटींतला प्रत्येक रुपया कंत्राटदाराकडे जात नाही. राज्यांना पन्नास वर्षांसाठी बिनव्याजी द्यायचे दीड लाख कोटी त्यातच येतात, आणि ते कधी, कशावर खर्च होतील हे राज्यांच्या हातात.

भाषणाला तास उलटून गेला, आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही. मी त्या क्षणी स्क्रीनकडेच पाहत होतो. वाहनं, पंखे-फ्रिज, कपड्यांची दुकानं, साबण-बिस्किटं अशा कंपन्यांचे भाव एकामागून एक हिरवे होत गेले. सवलत मिळेल अशी चर्चा आधी होती, पण इतकी मोठी मिळेल असं फारसं कुणी धरलं नव्हतं. 12 लाख उत्पन्न असलेल्या माणसाचे वर्षाला 80,000 रुपये वाचणार होते, आणि सरकार सुमारे एक लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडणार होतं. हा पैसा ग्राहकाच्या हातात पडायचा होता. ज्या क्षेत्राला त्या विक्रमी तरतुदीत वाटा नव्हता, ते क्षेत्र चढलं. "जास्त तरतूद म्हणजे जास्त भाव" हे सूत्र इथेच कोलमडतं.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की हे सगळं समजून घ्यायची गरजच नाही, त्या दिवशीचा बाजार म्हणजे निव्वळ जुगार. त्या दिवशी सेन्सेक्स बंद होताना फक्त 5 अंकांनी वर होता, म्हणजे झालं काय, तर काहीच नाही. मी म्हणतो, त्या 5 अंकांच्या खाली पाहा. एका बाजूला ग्राहकोपयोगी कंपन्या वर, दुसऱ्या बाजूला पायाभूत सुविधांच्या कंपन्या खाली. जुगारात पत्ते असे क्षेत्रवार वेगळे होऊन पडत नाहीत. सरकारने पैसा कुठून कुठे वळवला, ते बाजाराने काही मिनिटांत मांडून दाखवलं होतं.

बँकांचं गणित थोडं वेगळं आहे. त्या दिवशी बँक निफ्टी जवळपास जागच्या जागीच राहिला. अर्थसंकल्पाचा बँकेशी थेट संबंध येतो तो सरकारच्या कर्जउभारणीतून. बँकांना ठेवींचा मोठा हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो. सरकार अपेक्षेपेक्षा कमी कर्ज काढणार असेल तर बाजारात रोखे कमी येतात, जुन्या रोख्यांचा भाव चढतो, आणि बँकेच्या तिजोरीतल्या रोख्यांची किंमत वाढते. 1 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात नेमकं हेच झालं. कर्जउभारणीचा आकडा 14.13 लाख कोटी, अंदाजापेक्षा कमी आला आणि सरकारी बँकांचे शेअर चढले. 2025 मध्ये तो 14.82 लाख कोटी होता, धक्का बसावा असं त्यात काही नव्हतं.

आता माझ्या म्हणण्याची मर्यादाही सांगायला हवी. त्या दिवशीची हालचाल अपेक्षाभंग किंवा अपेक्षापूर्ती मोजते. घोषणा प्रत्यक्षात उतरेल की नाही हे ती मोजत नाही. 1 फेब्रुवारी 2021 आठवा. त्याआधीचे सहा दिवस बाजार घसरत होता, कोविडच्या खर्चासाठी नवा अधिभार येईल या धास्तीने. तो आला नाही. न झालेल्या घोषणेचा दिलासा आणि दोन सरकारी बँकांच्या खासगीकरणाची घोषणा हे एकत्र आलं आणि बँक निफ्टी एका दिवसात आठ टक्क्यांहून अधिक वर गेला. चार वर्षांनी, 2025 चा अर्थसंकल्प आला तेव्हाही त्या दोन बँकांचं खासगीकरण झालेलं नव्हतं. 2025 च्या करसवलतीचंही तसंच. साबण-बिस्किटांच्या कंपन्यांनी त्या शनिवारी कमावलेलं सगळं त्याच फेब्रुवारीत गमावलं. 80,000 रुपये वाचले म्हणून कुणी साबण दुप्पट वापरत नाही. तो पैसा हप्ता फेडण्यात जाणार होता, गाडी घेण्यात जाणार होता किंवा बँकेत पडून राहणार होता, आणि हातात येणार होता तो एप्रिलनंतर, महिन्या-महिन्याने. तेजीच्या पहिल्या तासात ज्यांनी शेअर घेतले, त्यांनी अजून खर्चच न झालेल्या पैशाची किंमत मोजली.

सरांनी तो शेअर लगेच विकला नाही. मी त्यांना तीन ओळी लिहून दिल्या: आदल्या वर्षीची तरतूद, त्याच वर्षीचा सुधारित अंदाज, नवी तरतूद. खाली जागा रिकामी ठेवली होती, भाषण सुरू होण्याआधी आपण काय धरून बसलो होतो ते लिहायला. त्यांनी चष्मा काढून कागद जवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "ही खालची ओळ मी सकाळी भरलीच नव्हती."