उपाशी कॅमेरा

घराच्या फाटकावरचा कॅमेरा दिवसभर स्वच्छ चित्र देतो आणि अंधार पडला की गप्प होतो, अशी तक्रार घेऊन दुकानात गेलात तर ठरलेलं उत्तर मिळतं: "कॅमेरा गेलाय, नवा बसवा." या उत्तराला माझा ठाम विरोध आहे. आमच्याकडे हे उत्तर मानून नवा कॅमेरा बसवला. त्याच रात्री तोही बंद पडला.

'कॅमेरा गेला' म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. दिवसा चित्र येतं, म्हणजे अडॅप्टर ठीक, वायर ठीक, रेकॉर्डरही ठीक. बिघाड फक्त रात्री होतो, म्हणजे दोष कॅमेऱ्याच्या रात्रीच्या भागात, अर्थात इन्फ्रारेड दिव्यांत. यातली पहिलीच पायरी चुकीची आहे. दिवसा कॅमेरा फक्त चित्र घेतो. अंधार पडला की त्याच्या तोंडावरचा छोटा प्रकाशसंवेदक इन्फ्रारेड दिवे लावतो, आणि करंटची मागणी दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते. साध्या बारा व्होल्टच्या बुलेट कॅमेऱ्याला दिवसा पाव अँपिअर पुरत असेल तर रात्री अर्ध्याच्या वर लागतं. दिवसा रिकामी हातगाडी ढकलली म्हणून रात्री भरलेली गाडीही चढावर जाईल, असं कुणी म्हणणार नाही. दिवसाच्या चित्रावरून अडॅप्टर आणि वायर निर्दोष ठरवणं त्याच जातीचं आहे.

दिवेच गेले असते तर काय दिसलं असतं, हेही बघायला हवं. कॅमेरा चालूच राहिला असता, चित्र काळं आलं असतं आणि ते काळं चित्र रेकॉर्ड झालं असतं. आमच्या रेकॉर्डरवर संध्याकाळी पावणेसातनंतर काळं चित्रही नव्हतं. वेळेची हिरवी पट्टी तिथे संपत होती आणि त्या चौकटीत `Video Loss` येत होतं. म्हणजे कॅमेऱ्याकडून सिग्नलच येत नव्हता. मात्र ही खूण वाचण्याआधी एक खात्री करावी. रेकॉर्डिंग फक्त हालचालीवर ठेवलं असेल, तर काळ्या चित्रात हालचाल दिसत नाही आणि तेव्हाही काहीच साठत नाही. म्हणून एका रात्रीपुरतं रेकॉर्डिंग सलग ठेवावं, मग पट्टी पाहावी.

दिव्यांची परीक्षा रात्रीची वाट न पाहता होते. भर दुपारी शिडीवर चढून कॅमेऱ्याचं तोंड जाड काळ्या कापडानं झाकावं. काही क्षणांत आतून बारीक 'टक' ऐकू येतं. तो भिंगामागचा फिल्टर बाजूला सरकल्याचा आवाज. मग कापडाची कड किंचित उचलून दिव्यांकडे पाहावं. ८५० नॅनोमीटरचे दिवे मंद लाल निखाऱ्यासारखे दिसतात. ९४० नॅनोमीटरचे डोळ्याला दिसत नाहीत, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, बहुधा पुढच्या, फिकट जांभळट ठिपके दिसतात. आमच्या कॅमेऱ्याचे दिवे लागले, दोन सेकंदांत विझले, पुन्हा 'टक' झालं, पुन्हा लागले. ही उघडमीट म्हणजे पुरवठा कोसळल्याची स्पष्ट खूण. दिवे लागताच व्होल्टेज पडतं, कॅमेरा बंद होतो, भार उतरतो, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच चालतं आणि रेकॉर्डरला पूर्ण चित्र कधीच मिळत नाही.

यावर मेकॅनिकचं दुसरं म्हणणं मीटर हातात घेऊन आलं. त्यानं कॅमेऱ्याची पिन काढली, मोकळ्या टोकाला मल्टिमीटर लावला आणि दाखवला: "बघा काका, बारा पॉइंट एक. पॉवर फुल आहे." आकडा खराच होता. पण मोकळ्या टोकातून करंट वाहत नाही, आणि करंट नसेल तर कितीही बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडत नाही. मोजायचं ते कॅमेरा जोडलेला असताना, कॅमेऱ्याच्याच टोकाला, आणि कापड झाकून दिवे लागले असताना. तसं मोजलं तेव्हा उघड्या कॅमेऱ्यावर १०.८ व्होल्ट आले आणि दिवे लागल्याच्या क्षणी ९ च्या आसपास. त्याच वेळी घरातल्या अडॅप्टरच्या टोकाला १२.१ जसेच्या तसे होते. म्हणजे अडॅप्टर तग धरून होता. तीन व्होल्ट खाल्ले ते वायरनं.

हिशेब साधा आहे. घरापासून फाटकापर्यंत ३५ मीटर वायर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून ७० मीटर. दिवसा पाव अँपिअरला १.३ व्होल्ट पडले, म्हणजे वायरचा रोध सुमारे ५.२ ओहम. रात्री करंट ०.६ अँपिअर, म्हणून ३.१ व्होल्ट पडणारच. बाजारात 'थ्री प्लस वन' म्हणून मिळणाऱ्या केबलमध्ये चित्राच्या तारेशेजारी ज्या तीन बारीक वायरी असतात, त्या स्वस्त केबलमध्ये केसासारख्या बारीक असतात, आणि तांब्याचा फक्त मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल तर रोध आणखी वाढतो. दहा मीटरवर हे खपून जातं. पस्तीस मीटरवर नाही.

तिसरं मत मोठा अडॅप्टर लावण्याचं. एकच्या जागी पाच अँपिअरचा लावा, काम फत्ते. हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मी मान्य करतो. अडॅप्टर जुना होऊन आतला कपॅसिटर फुगला असेल तर दिवे लागताच त्याचं स्वतःचंच व्होल्टेज कोसळतं, आणि तेव्हा तो बदलणं हाच इलाज. पण ओळख तीच: भार असताना अडॅप्टरच्या टोकाचा आकडा पाहा. तो बारावर स्थिर असेल तर अँपिअर वाढवून काही होणार नाही. अडॅप्टरवरचे पाच अँपिअर ही त्याची ऐपत आहे. कॅमेरा त्यातून मागेल तेवढंच घेतो, आणि बारीक वायर तेवढ्यावरही तेवढेच व्होल्ट खाते.

शेजाऱ्यांनी फाटकावरचा बल्ब रात्रभर चालू ठेवायला सांगितलं, आणि खरोखर त्या रात्री कॅमेरा चालला. अनेक जण इथेच थांबतात. मी त्याला पुरावा मानतो, उपाय नाही. बल्बच्या उजेडामुळे संवेदकानं इन्फ्रारेड दिवे लावलेच नाहीत, म्हणून कॅमेरा तगला. ज्या रात्री बल्ब जाईल, त्या रात्री कॅमेराही जाईल.

आम्ही आधी फाटकाजवळचा जोड उघडला. चिकटपट्टीखाली वायरीला पाच पिळे दिलेले, पावसाचं पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं. तो कापून नीट जोडला. मग केबलमधली तिसरी, रिकामी वायर ऋण वायरीला दोन्ही टोकांना जोडून जाड केली. रात्रीचा आकडा साडेनऊच्या वर चढला, उघडमीट कमी झाली, थांबली नाही. शेवटी अडॅप्टरच फाटकाच्या खांबावर, पाणी न शिरणाऱ्या डबीत नेला. इलेक्ट्रिशियनला एकच गोष्ट बजावून सांगितली: फेज बल्बच्या बटणाच्या आधी घ्यायचा, नाहीतर बटण बंद केलं की कॅमेराही बंद. आता बारा व्होल्टना जेमतेम हातभर वायर पार करावी लागते. कापड झाकलं की एकदाच 'टक' होतं, दिवे लागतात ते लागूनच राहतात, आणि पिनेवर ११.९ व्होल्ट दिसतात.

मग काढून ठेवलेला जुना कॅमेरा त्याच जागी लावून पाहिला. सकाळी रेकॉर्डरची हिरवी पट्टी संध्याकाळपासून उजाडेपर्यंत सलग होती.