फ्रीजरमधली बाटली निर्दोष आहे, शाळेच्या टाकीचं बोला

उन्हाळा लागला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास येतात. एक टँकर आणि दुसरा तो मेसेज. बिसलरीची बाटली परत भरू नका, गाडीत ठेवू नका, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका, डायऑक्सिन सुटतं, कॅन्सर होतो. खाली कुठल्यातरी मोठ्या अमेरिकन हॉस्पिटलचं नाव आणि 'आपल्या आईबहिणींना जरूर पाठवा'. दरवर्षी तोच मेसेज, फक्त हात जोडलेल्या इमोजी वाढतात.

एरवी मी गप्प बसलो असतो. पण यंदा आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने या मेसेजच्या जोरावर पालकांना नोटीस काढली : सोमवारपासून प्लास्टिकची बाटली बंद, स्टीलचीच आणावी. स्टीलची बरी बाटली तीन-चारशेला पडते. दोन पोरं असतील तर शेतमजुरी करणाऱ्या बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी गेली. आयुष्यभर मी पाणी तपासण्याचंच काम केलंय, त्यामुळे आता बोलणं भाग आहे.

आधी फ्रीजर. डायऑक्सिन तयार व्हायला दोन गोष्टी लागतात : क्लोरीन असलेला पदार्थ आणि आग. पाण्याची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. बुडाशी त्रिकोणात १ आकडा असतो तीच. पेटमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. क्लोरीन नाहीच, आणि फ्रीजरमध्ये आग कुठून येणार? शिवाय थंडीत कुठलाही पदार्थ प्लास्टिकमधून पाण्यात उतरायचा वेग कमी होतो, वाढत नाही. ज्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या नावाने हा मेसेज फिरतो, तिथल्याच रॉल्फ हाल्डेन या शास्त्रज्ञाने २००४ मध्ये नेमकं हेच सांगून ठेवलंय. बर्फ करताना एकच काळजी घ्या. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरू नका, नाहीतर तडकेल. बास.

डायऑक्सिनची खरंच भीती वाटत असेल तर संध्याकाळी गावाबाहेरच्या उकिरड्याकडे जाऊन बघा. तिथे पीव्हीसीच्या वायरी, पाइपचे तुकडे, रेक्झिन, सगळं एकत्र पेटवलेलं असतं. पीव्हीसीत क्लोरीन भरपूर असतं. डायऑक्सिन तिथे तयार होतं आणि तो धूर गावातच येतो. त्याबद्दल ग्रुपवर एक मेसेज नाही.

आता गाडी. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, म्हणून नीट बघू. पेट तयार करताना अँटिमनी नावाच्या धातूचं संयुग वापरतात. त्याचा अंश प्लास्टिकमध्ये राहतो आणि अगदी थोडा पाण्यात उतरतो. उष्णता वाढली की जास्त उतरतो, हे खरं आहे. प्रश्न आहे किती आणि किती दिवसांत.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात उन्हाळा आपल्या चंद्रपूरसारखाच कडक असतो. तिथल्या विद्यापीठाने २००८ मध्ये हेच मोजलं. सुरुवातीला बाटल्यांमधल्या पाण्यात अँटिमनी सरासरी लिटरला ०.२ मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अमेरिकेची मर्यादा ६, आपल्या बाटलीबंद पाण्याच्या मानकात ५, जागतिक आरोग्य संघटनेची २०. बाटली सतत ६० अंशांवर ठेवली तर ६ चा आकडा ओलांडायला १७६ दिवस लागले. ६५ अंशांवर ३८ दिवस. ८० अंशांवर मात्र सव्वादोन दिवसांच्या आसपास. म्हणजे पाच-पाच अंशांनी चित्र बदलतं, हे लक्षात ठेवा.

आता आपली गाडी घ्या. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या पाहणीत भर उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्या मोजल्या. आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१ वर, डॅशबोर्ड ६९ वर. आपण अगदी वाईटातलं वाईट धरू. बाटली डॅशबोर्डवरच आहे आणि आतलं पाणी रोज पाच तास ६५ अंशांवर राहतंय. ३८ दिवस म्हणजे ९१२ तास. रोज पाच तासांनी ते भरायला १८२ दिवस लागतील. म्हणजे तीच बाटली, तेच पाणी, न पिता, सहा महिने डॅशबोर्डवर. एवढा लांब आपला उन्हाळासुद्धा नसतो. सीटखाली पडलेल्या बाटलीचं तर बोलायलाच नको. आणि ती ६ ची मर्यादाही रोज दोन लिटर पाणी जन्मभर प्यायचं असं धरून ठरवलेली आहे, एका दुपारच्या घोटासाठी नाही.

सगळ्या बाटल्या सारख्या नसतात, हेही मान्य. चीनमधल्या १६ ब्रँडच्या बाटल्या सलग चार आठवडे ७० अंशांवर ठेवून पाहिल्या, तेव्हा त्यातल्या एकीने अमेरिकन मर्यादा ओलांडली. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाडीत राहिलेली कालची सीलबंद बाटली प्यायला हरकत नाही. पण उकळतं पाणी किंवा चहा त्या बाटलीत भरू नका. दवाखान्यात पेशंटसाठी नातेवाईक भरतात, मी पाहिलंय. खूणही सोपी आहे : साधारण ७०-७५ अंशांना पेट मऊ पडतं, बाटली आक्रसते, वाकडी होते. वाकडी झालेली बाटली टाकून द्या. आणि जाब विचारायचाच असेल तर महिनोन्महिने क्रेट उन्हात रचून ठेवणाऱ्या दुकानदाराला विचारा. 'थंड जागी, उन्हापासून दूर ठेवा' हे त्या लेबलवरच लिहिलेलं असतं. अशा पाण्याला प्लास्टिकचा गोडसर वास येतो, तो ॲसिटाल्डिहाइडचा. वास आला तर बाटली परत करा.

मायक्रोप्लास्टिकचं काय, असं कुणीतरी खाली विचारणारच. ते खरं आहे. बाटलीबंद पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण सापडतात, नव्याकोऱ्या सीलबंद बाटलीतही सापडतात. झाकण पुन्हा पुन्हा फिरवलं की झाकणाची आणि गळ्याची झीज होते, हेही दिसलंय. ते शरीरात नेमकं काय करतात यावर अजून काम चालू आहे. पण यातून 'जुनी फेका, रोज नवीन विकत घ्या' हा सल्ला निघत नाही, कारण नवीन बाटलीतही तेच आहे.

मग बाटली परत वापरण्यात धोका काहीच नाही का? आहे. पण तो प्लास्टिकमधून येत नाही. तो येतो आपल्या तोंडातून, हातातून आणि भरलेल्या पाण्यातून.

बाटलीबंद पाण्यात सहसा क्लोरीन शिल्लक नसतं. एकदा तोंड लावलं की लाळेबरोबर जंतू आत जातात आणि त्यांना अडवायला आत काही नसतं. अशी अर्धी प्यायलेली बाटली ३५-४० अंशांच्या गाडीत दिवसभर राहिली तर जंतूंना उबदार घरच मिळतं. गाडीतल्या बाटलीची काळजी करायची तर याची करा. उष्टी बाटली त्याच दिवशी संपवा किंवा ओता. रोज भरणार असाल तर साबणाच्या पाण्यात मूठभर तांदूळ घालून खळखळून हलवा, झाकणाचे आटे बोटाने घासा, आणि उलटी ठेवून पूर्ण कोरडी होऊ द्या. या बाटलीत ब्रश जात नाही आणि उकळतं पाणी चालत नाही, म्हणून तिला मर्यादा आहे. आतून बुळबुळीत लागली, पांढुरकी पडली, चरे गेले किंवा वास येऊ लागला की तिचं आयुष्य संपलं. फेकताना मात्र चुरगाळून फेका. लेबलवर ते लिहितात, कारण अख्खी बाटली कुणीतरी नळावर भरून पुन्हा विकतं.

आणि आता त्या शाळेकडे येऊ. नोटीस वाचल्यावर मी मुख्याध्यापकांना विचारून शाळेच्या टाकीचं पाणी तपासलं. ओटी टेस्ट केली. पाण्यात क्लोरीन असेल तर दोन-तीन थेंबांत पिवळा रंग येतो. इथे पाणी होतं तसंच राहिलं. मग एचटूएसची छोटी बाटली भरून ठेवली. पाण्यात मैला मिसळलेला असेल तर ती एक-दोन दिवसांत काळी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळीकुट्ट होती. टाकीचं झाकण तुटलेलं, आत पारव्याची पिसं, आणि टीसीएल पावडरचं पोतं कोपऱ्यात कधीपासून उघडं पडलेलं. उघड्या पोत्यातलं क्लोरीन उडून जातं, मग ती नुसती पांढरी माती.

याच टाकीतलं पाणी पोरं स्टीलच्या बाटलीत भरणार. चारशे रुपयांच्या चकचकीत बाटलीत मैल्याचे जंतू. कावीळ, टायफॉइड, हगवण यांना बाटली कशाची आहे याने काय फरक पडतो?

मेसेज पुढे ढकलणाऱ्यांवर माझा राग याचसाठी आहे. ही भीती फुकटची नाही. तिची किंमत गरीब घर भरतं, आणि ज्याने टाकी धुवायची तो नामानिराळा राहतो. बाटलीवर नोटीस काढायला एक कागद लागतो. टाकी धुवायला माणूस, पैसे आणि दर आठवड्याची आठवण लागते.

स्टीलची बाटली वाईट आहे असं मी म्हणत नाही. परवडत असेल तर जरूर घ्या, आतून नीट घासता येते, वर्षानुवर्षं टिकते. पण नसेल परवडत तर स्वच्छ धुतलेली साधी बाटली घेऊन येणाऱ्या पोराला वर्गात उभं करू नका.

आपापल्या गावात एवढं करा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा आणि शाळेच्या नळावर तुमच्यासमोर ओटी टेस्ट करायला सांगा. पिवळा रंग आला नाही तर टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख विचारा आणि टीसीएलचं पोतं कुठे, कसं ठेवलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फोटो काढायचा तर त्या पोत्याचा काढा आणि तो ग्रुपवर टाका.