दाराच्या कडीवरचा विषाणू आणि आजीचे डोळे

वाचकहो, घरात कोणाला सर्दी-ताप आला की बहुतेक घरांत पहिली बादली भरली जाते ती फरशी पुसण्यासाठी. फिनाईलचा वास घरभर पसरतो आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळते. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हापासून वस्तूंना हात लावण्याची एक भीती आपल्या मनात शिरली. 2020 च्या टाळेबंदीत तर भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवण्यापर्यंत मजल गेली. ती भीती कितपत खरी आणि कितपत अनाठायी, हे नीट समजले तर वृद्धांची काळजी घेणाऱ्यांचे श्रमही वाचतील आणि ते योग्य जागी लागतील.

प्रथम वस्तुस्थिती. 1982 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील संशोधकांनी फ्लूचे विषाणू निरनिराळ्या पृष्ठभागांवर ठेवून पाहिले. स्टील आणि प्लॅस्टिक अशा गुळगुळीत, कठीण वस्तूंवर ते 24 ते 48 तास जिवंत राहिले. कापड, कागद आणि हातरुमाल यांवर मात्र 8 ते 12 तासांच्या आतच संपले. हे आकडे वर्तमानपत्रांतून वारंवार छापून येतात आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा भाग क्वचितच कोणी सांगते. कागदी रुमालावरून हातावर विषाणू येण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांतच होती. आणि वस्तूवरून हातावर आलेला विषाणू तेथे पाच मिनिटांहून अधिक टिकत नव्हता. शिवाय हे सारे घडण्यासाठी मुळात त्या वस्तूवर विषाणू भरपूर असावा लागतो, म्हणजे नाक वाहणाऱ्या रुग्णाचा ओला हात तिला नुकताच लागलेला असावा लागतो.

साध्या सर्दीचा विषाणू निराळा. फ्लूच्या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते आणि साबण ते विरघळवून टाकतो. सर्दीच्या सर्वांत प्रचलित विषाणूला असे आवरणच नाही. म्हणून तो हातावर काही तास तग धरू शकतो, आणि त्याला घालवायचे ते मुख्यतः चोळून आणि वाहत्या पाण्याने धुऊनच.

या विषाणूवर दोन प्रयोग झाले आणि दोघांचे निष्कर्ष वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध आहेत. 1978 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी सर्दी झालेल्यांचा हात निरोगी स्वयंसेवकांना काही सेकंद धरायला लावला आणि मग त्यांना आपल्याच नाकाला व डोळ्यांना बोट लावायला सांगितले. पंधरांपैकी अकरा जणांना लागण झाली. पुढे 1987 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात पत्त्यांचा डाव मांडला गेला. सर्दीने बेजार झालेल्यांसोबत निरोगी माणसे तासन्‌तास खेळली. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांच्या हातांना वा मानेला असे अडथळे बसवले होते की त्यांना स्वतःच्या चेहऱ्याला हात लावताच येऊ नये. तरीही दोन्ही गटांना साधारण सारख्याच प्रमाणात सर्दी झाली, म्हणजे ती श्वासावाटे पोहोचली होती. मग रुग्णांच्या हातांतले चिकट झालेले पत्ते दुसऱ्या खोलीत नेले आणि बारा निरोगी माणसे त्यांवर बारा तास खेळली. त्यांना चेहऱ्याला हात लावण्याची पूर्ण मुभा होती, किंबहुना तसे सांगितलेच होते. एकालाही सर्दी झाली नाही.

दोन्ही प्रयोग एकत्र ठेवून वाचले की गोष्ट उलगडते. ताजा, ओला शेंबूड लागलेला हात काही क्षणांतच डोळ्याला वा नाकाला लागला तर लागण सहज होते. तोच शेंबूड वस्तूवर वाळला, त्यात वेळ गेला, की त्याची ताकद झपाट्याने ओसरते. कडीवर विषाणू सापडतो याचा अर्थ कडीमुळे माणूस आजारी पडतो असा होत नाही. करोनाच्या बाबतीतही 2021 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने हेच सांगितले: दूषित वस्तूला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी. तेव्हा प्रश्न विषाणू किती तास जगतो हा नसून, ओल्या नाकापासून दुसऱ्याच्या डोळ्यापर्यंतचा प्रवास किती मिनिटांत होतो, हा आहे.

आता हा प्रवास एका घरात पाहू. वर्धा जिल्ह्यातले आंजी (मोठी) हे गाव घ्या. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र तेथे आहे. समजा, त्या गावातल्या एका घरात सात वर्षांचा नातू शाळेतून ताप आणि वाहते नाक घेऊन आला. आजी चौऱ्याहत्तर वर्षांची, तिला जुना दमा आणि नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत आणि ते काम सुनेकडे आहे.

सकाळी सून पोराचे नाक पदराने पुसते. चुलीवरचे दूध उतू जाते म्हणून धावते. तेवढ्यात आजी हाक मारते, 'सूनबाई, थेंब टाकून दे गं!' सून येते, एका हाताने आजीची खालची पापणी ओढते आणि थेंब सोडते. वाचकहो, या घरातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. नाक पुसल्यापासून पापणीला हात लागेपर्यंत चार मिनिटेही गेलेली नाहीत, आणि सर्दीच्या विषाणूला शिरण्यासाठी डोळा व नाक ही दोन दारे तोंडापेक्षा कितीतरी सोपी आहेत. डोळ्यातले पाणी अश्रुनलिकेतून थेट नाकातच उतरते. त्या दिवशी फरशी पाच वेळा पुसली असती, तरी या क्षणावर तिचा काही परिणाम झाला नसता.

म्हणून हात कधी धुवायचे, हे किती वेळा धुवायचे यापेक्षा महत्त्वाचे आहे. रुग्णाचे नाक पुसल्यावर लगेच, आणि वृद्धांच्या डोळ्यांत थेंब घालण्यापूर्वी, कवळी हाताळण्यापूर्वी, घास भरवण्यापूर्वी. साधा साबण पुरतो, 'जंतुनाशक' लिहिलेला महाग साबण लागत नाही. वीस सेकंद चोळावे, आणि तळव्यापेक्षा बोटांच्या टोकांकडे व अंगठ्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण डोळ्याला लागतात ती टोकेच. नंतर वाहत्या पाण्याने धुवावे. तांब्याने पाणी घालायला कोणी असेल तर उत्तम, त्याच तसराळ्यात पुन्हा पुन्हा हात बुचकळू नयेत. शेवटी हात कोरडे करावेत, ते मात्र पोराचे नाक ज्याने पुसले त्या पदराला नव्हे. पोरासाठी जुन्या धोतराचे वीतभर तुकडे करून ठेवावेत, एकदा वापरलेला तुकडा साबणाच्या पाण्यात टाकावा आणि दिवसाअखेर धुऊन उन्हात वाळवावा. विदर्भाचे ऊन या कामी कोणत्याही औषधाला हार जात नाही.

आजीला स्वतःलाही उठून मोरीपर्यंत जाणे जमत नसेल, तर तिच्या खाटेशी साबण, तांब्या आणि पसरट भांडे न्यावे. डोळे पाणावणाऱ्या वृद्धांचा हात दिवसभरात असंख्य वेळा डोळ्यांकडे जातो, आणि ही सवय दटावून सुटत नाही. त्यांच्या हाताशी स्वतःचा स्वच्छ रुमाल असणे हाच त्यावरचा उपाय. सॅनिटायझर फ्लूच्या विषाणूवर चांगला चालतो, सर्दीच्या काही विषाणूंवर त्याचा परिणाम त्या मानाने कमी. तो लावल्यावर हात पूर्ण वाळेपर्यंत चुलीजवळ वा गॅसजवळ जाऊ नये, त्यातला अल्कोहोल पेट घेतो.

वस्तूंपैकी काही मोजक्यांकडेच लक्ष द्यावे. कसोटी सोपी आहे: ज्या वस्तूला आजारी माणसाचा ओला हात वा तोंड लागते आणि थोड्याच वेळात आजीचाही लागतो, ती वस्तू. आपल्या घरात त्या अशा निघतील: माठावरचा ओगराळा व पेला, मोबाइल, टीव्हीचा रिमोट, मोरीतला नळ आणि आजी आधारासाठी धरते ती दाराची कडी. नातवाचा पेला आणि टॉवेल निराळा केला की निम्मे काम झाले. बाकीच्या वस्तू साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोनदा पुसाव्यात. मोबाइल आणि रिमोट बंद करून, सॅनिटायझरने किंचित ओल्या केलेल्या कापडाने. भिंती, कपाटे, वर्तमानपत्र, नोटा, भाजीची पिशवी यांच्या मागे लागू नये. जमिनीचे रोजचे झाडणे-पुसणे चालू द्यावे. फार तर जमिनीला हात टेकून उठणाऱ्या आजीने नंतर हात धुवावा. फिनाईलचा उग्र वास कोंडलेल्या खोलीत दम्याच्या रुग्णाला खोकल्याची उबळ आणतो, हे मात्र ध्यानी असू द्यावे.

उलटी वा थुंकी सांडलेली जागा असेल तर ब्लीच वापरणे योग्य. बाजारातले चार-पाच टक्क्यांचे द्रावण असेल तर एक लिटर पाण्यात चहाचे चार चमचे पुरतात. आधी घाण साबणाच्या पाण्याने काढावी, कारण घाणीवर क्लोरीन वाया जाते. मग हे पाणी लावून पाच मिनिटे तसेच ठेवावे आणि साध्या पाण्याने पुसावे. रोज ताजे बनवावे, शिळ्याची ताकद उतरते. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू छाती जाळतो आणि दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

राहिला श्वासाचा मार्ग. पत्त्यांच्या डावाने दाखवले तसे, एकाच बंद खोलीत तासन्‌तास बसणे हेच हातांपासून स्वतंत्र असे मोठे कारण आहे. थंडीत किंवा पावसाच्या झडीत आपण खिडक्या लावून, नातवाला आजीच्या कुशीत देतो. आजीची माया समजण्यासारखी आहे, पण फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस विषाणू बाहेर टाकत असतो. तेवढे दिवस पोराने आजीजवळ झोपू नये. समोरासमोरची दोन दारे किंवा खिडक्या दिवसातून काही वेळ उघड्या ठेवाव्यात, आजीला पांघरूण अधिक द्यावे, आणि शुश्रूषा करणाऱ्या सुनेलाच शिंका येऊ लागल्या तर थेंब घालताना तिने नाकातोंडावर मास्क बांधावा.

एवढे करूनही आजीला ताप आला तर दोन-तीन दिवस वाट पाहण्यात वेळ घालवू नये. फ्लूवरचे विषाणूविरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून दमा, मधुमेह वा हृदयविकार असलेल्या वृद्धांना पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. वृद्धांना कधीकधी ताप फारसा चढतही नाही. जेवणावरची वासना जाणे, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा ओठ निळसर दिसणे यांपैकी काही दिसले, तर थर्मामीटर काय म्हणतो ते न पाहता गाडी बोलवावी.